सहा आठवड्यांचे मांजराचे पिल्लू घरी आले तर: आहार, जंताचे औषध आणि लसीकरण

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी आणि तिची आजी बुटाच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या चाकामागे ते भिजून बसले होते. आई दोन दिवस दिसली नव्हती. आजींनी रात्री वाटीभर गाईचे दूध कोमट करून दिले होते आणि पिल्लाने ते अधाशासारखे पिऊन टाकले. सकाळी खोक्यातला टॉवेल पातळ शीने भरला होता. आजींचा प्रश्न सरळ होता, "डॉक्टर, मांजराला दूध चालत नाही असं कुठं असतं का?"

या एकाच पिल्लाचे पुढचे दहा आठवडे आपण या लेखात पाहू. सापडलेल्या पिल्लाच्या बाबतीत बहुतेक घरे दोन चुका करतात. पहिली चूक खाण्याची, म्हणजे दूध आणि दूध-पोळी. दुसरी चूक म्हणजे जंताचा एक डोस आणि लसीचे एक इंजेक्शन दिले की काम संपले असे समजणे.

आधी वय आणि वजन

रस्त्यावरच्या पिल्लाची जन्मतारीख कोणालाच माहीत नसते, पण दात बरेच काही सांगतात. या पिल्लाचे पुढचे बारीक दात आणि सुळे पूर्ण आलेले होते, मागच्या दाढा नुकत्याच वर येत होत्या. डोळ्यांचा निळेपणा अजून गेलेला नव्हता. ते नीट चालत होते आणि थोडे अडखळत पळतही होते. यावरून वय साधारण सहा आठवडे ठरले.

वजन भरले 520 ग्रॅम. चांगल्या वाढणाऱ्या पिल्लाचे वजन आठवड्याला साधारण 100 ग्रॅमने वाढते. सहा आठवड्यांचे पिल्लू 500 ते 700 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे हे थोडे बारीक पण ठीक होते. वय सहा आठवड्यांचे दिसत असताना वजन 350 ग्रॅमच भरले, तर ते पिल्लू उपाशी किंवा आजारी आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरात पीठ-रवा मोजायचा डिजिटल काटा असेल तर तोच वापरा. काट्यावर एक डबा ठेवून काटा शून्यावर आणा, त्यात पिल्लू बसवा आणि रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन वहीत लिहा. रोज 10 ते 15 ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. एखाद्या दिवशी वजन तेवढेच राहिले तर लक्ष ठेवा. सलग दोन दिवस वजन घटले तर पिल्लू खेळकर दिसत असले तरी दवाखान्यात आणा. वजन हे लक्षणांच्या आधी बोलते.

खाण्याआधी ऊब

पिल्लू भिजलेले आणि गार असेल तर त्याला लगेच भरवू नका. अंग गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते. मग पोटात गेलेले अन्न पचत नाही, उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पिल्लाला कोरड्या टॉवेलने पुसा, गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा आणि दुसरी बाजू मोकळी सोडा. म्हणजे गरम झाले की त्याला बाजूला सरकता येते. पंजे आणि कान हाताला उबदार लागले, पिल्लू इकडेतिकडे पाहू लागले की खायला द्यावे.

पिल्लू अगदीच लुळे पडले असेल तर हिरड्यांवर बोटाने थोडे साखरेचे घट्ट पाणी किंवा मध चोळा आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने किंवा चमच्याने काहीही ओतू नका.

दूध का नको आणि काय द्यावे

आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे, की मांजराला दूध आवडते पण पचत नाही. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात लॅक्टोज ही साखर मांजरीच्या दुधापेक्षा जास्त असते. दूध सुटण्याच्या वयात ती पचवण्याची पिल्लाची क्षमता कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. मोठ्या माणसाला एका दिवसाचे जुलाब सोसतात. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात मुळात पाणीच थोडे, त्यामुळे ते काही तासांत सुकू लागते. दुधात पाणी घातल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट पोषण आणखी कमी होते.

सहा आठवड्यांच्या पिल्लाला दुधाची गरजही उरलेली नसते. त्याला दात आलेले असतात आणि ते मऊ अन्न खाऊ शकते. पाकिटावर "किटन" असे लिहिलेले, पिल्लांसाठीचे ओले अन्न सर्वांत सोयीचे. मोठ्या मांजरांचे अन्न चालत नाही, कारण वाढीसाठी लागणारी ऊर्जा आणि प्रथिने त्यात कमी पडतात. कोरडे दाणे द्यायचे असतील तर ते कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून कुस्करून द्या. पिल्लू फक्त चाटत असेल तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीचे थोडे दूध त्या अन्नात मिसळा आणि आठवडाभरात ते कमी करत न्या.

किती द्यावे? या वयाच्या पिल्लाला वजनाच्या मानाने बरीच ऊर्जा लागते, दर किलोमागे दिवसाला साधारण 200 ते 250 किलोकॅलरी. आपले पिल्लू 520 ग्रॅमचे, म्हणजे दिवसाला अंदाजे 105 ते 130 किलोकॅलरी. ओल्या अन्नाचे 80 ते 85 ग्रॅमचे पाउच बहुतेक वेळा 65 ते 80 किलोकॅलरीचे असते, म्हणून आम्ही सुरुवात दिवसाला दीड पाउचने केली. कोरडे दाणे दिले असते तर 25 ते 30 ग्रॅम लागले असते. हे चार वेळांत वाटून द्यायचे: सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी. पिल्लाचे पोट लहान असते, एकदम जास्त खाल्ले की उलटी किंवा जुलाब होतात. ओले अन्न बशीत अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, आपल्या हवेत ते लवकर खराब होते. शेजारी उथळ वाटीत स्वच्छ पाणी कायम असू द्या.

पिल्लाला खायला घालताना ते चार पायांवर किंवा पोटावर असावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून भरवले तर अन्न फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो.

पहिल्या रात्री दुकान बंद असेल तर बिनहाडाचे चिकन मीठ, हळद, मसाला न घालता उकडून, बारीक कुस्करून त्याच्याच कोमट पाण्यात कालवून द्या. उकडलेले अंडेही चालते. पण हे एक-दोन दिवसांपुरते. नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी असते. तेवढ्यावरच आठवडे काढले तर वाढती हाडे पोकळ होत जातात आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. पिल्लाचे आम्ही भरपूर लाड करतो, रोज चिकन देतो, असे सांगणाऱ्या घरातली अशी मोडलेली पिल्ले मी पाहिली आहेत. चिकन करताना कांदा-लसूण घालू नका, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

घर शाकाहारी असेल तर आधीच स्पष्ट समजून घ्या, की दूध-पोळी, वरणभात, दहीभात यांवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच किंवा तो मुद्दाम घातलेल्या तयार अन्नातूनच मिळतो. तो कमी पडला की काही महिन्यांत डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू खराब होतात. घरात मांस शिजवायचे नसेल तर पाकिटातले अन्न देता येते. तेही चालणार नसेल तर पिल्लासाठी दुसरे घर शोधणे त्याच्या भल्याचे.

जंताचे औषध: एक डोस का पुरत नाही

रस्त्यावरच्या मांजरीच्या पिल्लाच्या पोटात जंत आहेत असे धरूनच आम्ही चालतो. गोलकृमीच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, त्यामुळे शीत जंत दिसण्याची वाट पाहत नाही. फुगलेले पोट, बरगड्या दिसणारे अंग, निस्तेज केस ही त्यांची खूण. अंकुशकृमी हे दुसरे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, त्याने हिरड्या फिकट पडतात.

पिल्लांना बहुधा पायरँटेल हे औषध दिले जाते. ते आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, म्हणून लहान पिल्लांतही सुरक्षित असते. पण त्यामुळेच त्याची एक मर्यादा आहे. ते फक्त आतड्यातल्या जंतांवर काम करते. जमिनीवरून पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृत आणि फुप्फुसांतून फिरत असतात. त्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात पोहोचून मोठ्या होतात. आज औषध दिले तेव्हा या अळ्या वाटेत होत्या, त्या वाचल्या. दोन आठवड्यांनी त्या आतड्यात आलेल्या असतात पण अजून अंडी घालू लागलेल्या नसतात. म्हणून दुसरा डोस तेव्हा, आणि असेच पुढचे.

आपल्या पिल्लाचे डोस सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या आठवड्यात झाले. नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा.

मात्रा दर वेळी नव्या वजनावर काढायची. पहिल्या वेळी दर किलोला 10 मिलिग्रॅमप्रमाणे 520 ग्रॅमच्या पिल्लाला 5.2 मिलिग्रॅम लागले. माझ्याकडच्या पातळ औषधात 1 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम होते, म्हणजे 0.1 मिलिलिटर, सिरिंजच्या टोकाला दोन थेंब. आठव्या आठवड्यात वजन 670 ग्रॅम झाले, तेव्हा 0.13 मिलिलिटर. याच औषधाचा 5 मिलिलिटरचा एक चमचा दिला असता तर 250 मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या जवळजवळ पन्नास पट औषध गेले असते. हा हिशेब घरी औषध देण्यासाठी सांगितलेला नाही. बाटलीनुसार ताकद बदलते आणि काही बाटल्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. लहान मुलांचे किंवा कुत्र्याचे जंताचे औषध अंदाजाने देणे किती धोक्याचे आहे ते यावरून लक्षात यावे.

औषधानंतर एक-दोन दिवस शीतून किंवा उलटीतून शिजलेल्या शेवयांसारखे पांढरट जंत पडू शकतात. घाबरू नका, औषध लागू पडले आहे. काहीच पडले नाही तरी पुढचा डोस चुकवू नका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमी आहेत. त्यांच्यावर पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल हे वेगळे औषध लागते. हे कृमी पिसवा गिळल्याने होतात, त्यामुळे पिसवा गेल्या नाहीत तर ते परत येतात. पिसवांसाठी आधी बारीक दातांची फणी वापरा. कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर झटके येऊन पिल्लू दगावते.

दूध बंद करूनही आणि जंताचे औषध देऊनही तीन-चार दिवस जुलाब चालू राहिले, तर ताजी शी छोट्या डबीत घेऊन या. कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी या वयात वारंवार आढळतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, जंताच्या औषधाने मरत नाहीत आणि त्यांचे औषध वेगळे असते.

लस: तीन वेळा का

आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला आजारांशी लढणारी प्रतिपिंडे मिळतात. ती काही आठवडे संरक्षण देतात, पण लसीलाही ती शत्रू समजून निकामी करतात. ही प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात. काही पिल्लांत ती आठव्या आठवड्यापर्यंत संपतात, काहींत सोळाव्या आठवड्यापर्यंतही टिकतात. आपल्या पिल्लाच्या आईकडे ती किती होती, होती की नव्हती, हे सांगायला कोणी नव्हते.

म्हणून लस एकदा लवकर देतात, म्हणजे प्रतिपिंडे संपलेले पिल्लू उघडे पडत नाही. मग ती तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात आणि शेवटचे इंजेक्शन सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे प्रतिपिंडे उशिरा संपलेल्या पिल्लातही एक तरी लस नक्की लागू पडते. पहिल्या दोन लसी वाया गेल्या होत्या की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे शेवटची लस टाळणारे घर प्रत्यक्षात लस न घेतलेले पिल्लू सांभाळत असू शकते.

ही लस तीन आजारांवर एकत्र असते. त्यांतले दोन सर्दी, डोळे येणे, तोंडात फोड असे त्रास देतात. तिसरा पॅनल्यूकोपेनिया, ज्याला बरेच जण मांजराचा पार्वो म्हणतात. उलट्या, जुलाब, पांढऱ्या पेशी एकदम खाली, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि चपलांबरोबर घरात येतो. पिल्लू घराबाहेर जात नाही म्हणून लस नको, हा हिशेब इथे चुकतो. घरात आधी एखादे पिल्लू असे गेले असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. फरशी 1 भाग ब्लीच आणि 32 भाग पाण्याने पुसून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, तेवढा वेळ पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवा. फिनाइल मात्र वापरू नका, मांजर पंजे चाटते आणि ते त्याला विषारी ठरते.

ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करता येते. आपल्या पिल्लाला जुलाब होते आणि अंग सुकलेले होते, म्हणून आधी ते सावरू दिले. सातव्या आठवड्यात वजन 580 ग्रॅम झाले आणि शी घट्ट झाली. आठव्या आठवड्यात पहिली लस दिली, बाराव्या आठवड्यात दुसरी आणि तिच्याबरोबर रेबीजची पहिली, सोळाव्या आठवड्यात तिसरी. सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक डोस, आणि रेबीजची लस पुन्हा वर्षाने. घरात आधीचे मांजर असेल तर नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा.

लसीनंतर एक दिवस मरगळ किंवा इंजेक्शनच्या जागी छोटी गाठ चालते. तोंड सुजणे, लगेच उलट्या होणे किंवा धाप लागणे दिसले तर तसेच परत या. तापासाठी घरातले पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीनेही मोठे मांजर मरू शकते.

घरातल्या माणसांसाठी

रेबीजची लस पिल्लाला बाराव्या आठवड्यात मिळते आणि काम करायला आणखी काही आठवडे घेते. तोपर्यंत सापडलेल्या पिल्लाचा चावा किंवा ओरखडा हलक्यात घेऊ नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते, आणि त्वचा फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. हळद, चुना, तिखट लावू नका. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवतात, पण तोपर्यंत लस थांबवून ठेवायची नसते. ते दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. आपल्या आठवीतल्या मुलीच्या मनगटावरही एक बारीक ओरखडा होता. आजींनी तो नखाचा म्हणून सोडून दिला होता. मी त्यांना दवाखान्यातूनच सरकारी रुग्णालयात पाठवले.

शीची वाळू रोज साफ करा आणि हात साबणाने धुवा. गोलकृमीची अंडी आणि टोक्सोप्लाझ्मा शीतून पडल्याबरोबर लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक किंवा अधिक दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई हाच चांगला उपाय. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. पिल्लाच्या कानावर किंवा तोंडावर गोल केस गेलेले चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकते, ते मुलांना पटकन लागते.

कधी थांबू नये

पिल्लाने आठ ते बारा तास काहीच खाल्ले नाही, वारंवार उलट्या झाल्या, शीत रक्त दिसले, हिरड्या पांढऱ्या किंवा चिकट लागल्या, अंग गार पडले किंवा ते तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नका.

आपले पिल्लू सोळाव्या आठवड्यात दीड किलोच्या वर गेले होते. आजी वजनाची वही घेऊन आल्या होत्या. वहीच्या पहिल्या पानावर 520, दुसऱ्या दिवशी 505 आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: दूध बंद.